चिंताग्रस्त प्रेक्षकांसाठी दहा मिनिटांच्या जपाची संहिता: काय म्हणावे, काय म्हणू नये आणि का

जपमाळेत 108 मणी असतात. 'राम कृष्ण हरी' हे शब्द घाईघाईने, दर सेकंदाला एकदा म्हटले, तर माळ दोन मिनिटांच्या आत संपते. तेच शब्द सावकाश म्हणून एका उच्छ्वासात दोनदा बसवले आणि मग शांतपणे श्वास आत घेतला, तर एका फेरीला साधारण दहा सेकंद लागतात आणि माळ पूर्ण व्हायला नऊ मिनिटे जातात. दोन्ही वेळा संख्या एकच भरते, पण शरीरात घडते ते अगदी वेगळे. पहिल्या प्रकारात माणूस शब्दांच्या मध्ये कुठेतरी श्वास हिसकावून घेत असतो, तर दुसऱ्या प्रकारात त्याचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरलेला असतो. एरवी निवांत बसलेल्या प्रौढ माणसाचे मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास होतात. अस्वस्थ मनाला जपातून जो तात्पुरता उतार मिळतो, त्याचा शरीरशास्त्राने समजावता येणारा भाग बहुतांशी या फरकात आहे, आणि म्हणून चिंताग्रस्त प्रेक्षकांसाठी जपाच्या चित्रफितीची संहिता लिहिणाऱ्याने मण्यांपेक्षा श्वासाचे गणित आधी मांडायला हवे.

हे गणित समजून घेण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मनगटावर नाडी धरून बसावे आणि चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर असा क्रम काही वेळ चालवावा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. तरुण आणि निरोगी माणसांत हा फरक बोटांना सहज कळतो, वयानुसार तो कमी होत जातो. हृदयाला मंद ठेवणारे संदेश मेंदूकडून मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत जातात. श्वास आत घेताना या संदेशांचा जोर कमी होतो आणि बाहेर सोडताना वाढतो. त्यामुळे उच्छ्वास लांबवणे म्हणजे हृदयाला मंद ठेवणारा काळ दर फेरीत थोडा वाढवणे होय.

याला दुसरी एक जोड आहे. मानेतील आणि छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत रक्तदाबाचा ताण ओळखणारी ग्राहके असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात आणि हृदयाची गती त्यानुसार कमी केली जाते. ही दुरुस्ती व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून निरोगी माणसाचा रक्तदाब नैसर्गिकपणेच दर दहा सेकंदांच्या आसपास हलकासा वर-खाली होत असतो. श्वासाची फेरीही दहा सेकंदांची झाली, की दोन्ही लाटा एकमेकींशी जुळतात आणि हृदयगतीतील चढ-उतार मोठे व नियमित होतात. मंद श्वसनाच्या बहुतेक पद्धती मिनिटाला सहाच्या आसपास का येऊन थांबतात, याचे एक कारण हेच आहे.

इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो, आणि तो नीट सांगितला जाणे महत्त्वाचे आहे. त्यांनी 23 निरोगी प्रौढांना लॅटिन भाषेतील 'आवे मारिया' ही ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे ओम' हा तिबेटी बौद्ध परंपरेतील मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या जवळ आली, आणि रक्तदाबाच्या बदलाला हृदय ज्या तत्परतेने प्रतिसाद देते ती तत्परताही वाढली. दोन भिन्न धर्मांतील शब्दांनी जवळजवळ सारखाच परिणाम साधला, कारण त्यांची लांबी एका श्वासात बसणारी होती. 'आवे मारिया' ज्या माळेवर पुन्हा पुन्हा म्हटली जाते त्या रोझरीच्या मूळ पद्धतीत अर्धी प्रार्थना धर्मगुरू म्हणतो आणि उरलेली अर्धी समुदाय म्हणतो, त्यामुळे प्रत्येकाला बोलण्याइतकाच गप्प राहण्याचाही काळ मिळतो. गोव्यातील घरांत संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या तेर्सात हीच रचना ऐकू येते, आणि आपल्याकडील भजनात बुवांनी ओळ म्हणायची व टाळकऱ्यांनी ती उचलायची, या प्रथेतही श्वासाला अशीच सक्तीची विश्रांती मिळते.

या अभ्यासावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे संहिता लिहिणाऱ्याने कागदावर वेगवेगळे लिहून ठेवावे. सावकाश जपाने निरोगी माणसाचा श्वास मंदावतो आणि हृदय-रक्तदाबाचे नियमन त्या वेळेपुरते बदलते, असे म्हणता येते. जपाने चिंताविकार बरा होतो, असे मुळीच म्हणता येत नाही, कारण त्या 23 जणांत चिंताविकाराचे रुग्ण तपासलेले नव्हते आणि उपचार म्हणून जपाची परीक्षाही घेतलेली नव्हती. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या ओंकाराच्या अभ्यासाचीही हीच कथा आहे. ओंकार म्हणताना भावनांशी संबंधित मेंदूच्या काही भागांतील हालचाल कमी झाल्याचे आणि नुसता 'स्स्स' असा ध्वनी काढताना तसे न झाल्याचे त्यांना चित्रणात दिसले. परंतु तो मोजक्या निरोगी व्यक्तींवरचा प्राथमिक अभ्यास होता. त्याच्या आधारावर 'ओंकाराने मेंदूतील भीतीचे केंद्र बंद होते' असे वाक्य लिहिणे म्हणजे वाचलेल्या गोष्टीत आपल्या पदरचे घालणे होय.

आता प्रत्यक्ष संहितेकडे येऊ. चित्रफीत दहा मिनिटांची आहे असे धरू. पहिले मिनिट पूर्णपणे बोलण्यासाठी ठेवावे, आणि त्यात तीन गोष्टी सांगाव्यात: हे काय आहे, हे काय नाही आणि केव्हा थांबावे. उदाहरणार्थ, निवेदकाने असे म्हणावे: 'आपण पुढील काही मिनिटे सावकाश श्वासाबरोबर काही शब्द म्हणणार आहोत. यामुळे अनेकांना त्या वेळेपुरते शांत वाटते. हा चिंताविकारावरचा उपचार नाही आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधांची जागा तो घेत नाही. मध्येच चक्कर आली, हातापायांना मुंग्या आल्या किंवा अस्वस्थता वाढली, तर शब्द सोडून द्या, डोळे उघडा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.' हा मजकूर चित्रफितीखालच्या बारीक अक्षरांत टाकून चालत नाही. ज्याला याची सर्वाधिक गरज आहे तो धास्तावलेला प्रेक्षक खालचा मजकूर वाचत बसत नाही, तो थेट आवाजाकडे येतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटात एका उच्छ्वासात शब्द एकदाच म्हणावेत. श्वास नाकाने तीन सेकंद आत घ्यावा आणि 'राम कृष्ण हरी' थोडे लांबवून चार सेकंदांत म्हणावे. ही फेरी सात सेकंदांची होते, म्हणजे दोन मिनिटांत सुमारे सतरा फेऱ्या होतात. चिंतेत असलेल्या माणसाचा श्वास आधीच उथळ आणि जलद असतो. त्याला पहिल्याच क्षणी दहा सेकंदांच्या फेरीत बसवले, तर हवा अपुरी पडल्याची भावना येते आणि चिंता उलट वाढते, म्हणून ही पायरी वगळू नये. चौथ्या मिनिटापासून श्वास चार सेकंद आत घ्यावा आणि एका उच्छ्वासात शब्द दोनदा, साधारण सहा सेकंदांत म्हणावेत. अशी सहा मिनिटे चालवल्यास छत्तीस फेऱ्या आणि बहात्तर उच्चार होतात. आधीचे सतरा धरून एकूण उच्चार नव्वदच्या आत राहतात, म्हणजे माळ पूर्ण होत नाही. ती पूर्ण करण्यासाठी शेवटी वेग वाढवण्याचा मोह निवेदकाने टाळावा, आणि ज्यांना माळ पूर्ण करायची आहे त्यांनी ती त्याच गतीने पुढे चालू ठेवावी, एवढे सांगावे. शेवटचे मिनिट निवेदनाशिवाय, नेहमीच्या श्वासाचे ठेवावे.

या सहा मिनिटांत निवेदकाचे काम बोलण्यापेक्षा वेळ राखण्याचे आहे. त्याने प्रत्येक फेरीत शब्द प्रेक्षकांबरोबर म्हणावेत आणि श्वास घेण्याच्या चार सेकंदांत खरोखर गप्प राहावे. अनेक चित्रफितींत नेमकी हीच जागा सूचनांनी किंवा तानपुऱ्यावर चढवलेल्या संगीताने भरून काढलेली असते. ऐकणारा मग निवेदकाचे वाक्य ऐकण्यासाठी श्वास रोखून धरतो आणि सगळे गणित बिघडते. आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतका हळू असावा, कारण मोठ्याने म्हणण्यासाठी मोठा श्वास घ्यावा लागतो. एखाद्याला सहा सेकंदांचा उच्छ्वास जमत नसेल, विशेषतः दमा असेल, फुफ्फुसांचा जुना आजार असेल किंवा गर्भारपणाचे शेवटचे महिने असतील, तर त्याने किंवा तिने एका उच्चारावरच राहावे. श्वास रोखून धरण्याची सूचना संहितेत कुठेच असू नये.

शब्द कोणते असावेत, हा प्रश्न संहिता लिहिणाऱ्याला वाटतो तितका अवघड नाही. वारकरी घरातील माणसाला 'राम कृष्ण हरी' ओठांवर सहज येते, दुसऱ्याला 'बुद्धं शरणं गच्छामि' जवळचे वाटेल, आणि ज्याला देवाधर्माचे शब्द नको असतील त्याने 'आता सावकाश, आता निवांत' यासारखी साधी जोडी घेतली तरी श्वासाचा हिशेब तोच राहतो. श्रद्धावान माणसाला नामात जे मिळते ते श्वासाच्या गणिताने संपत नाही, हे मान्य आहे. परंतु तो त्याचा आणि त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. आरोग्याविषयी बोलणाऱ्या निवेदकाने त्याबद्दल दावे करू नयेत आणि त्याची टवाळीही करू नये.

जपादरम्यान चुकते ते बहुधा एकाच ठिकाणी. 'खोल श्वास घ्या' ही सूचना ऐकून प्रेक्षक छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेऊ लागतो. असे झाले की शरीरातून कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात आणि डोके हलके होणे, ओठांभोवती व बोटांत मुंग्या येणे, छातीत आवळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसू लागतात. यांतील प्रत्येक लक्षण पॅनिक अटॅकमध्येही असते, त्यामुळे घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. म्हणून संहितेत 'खोल' हा शब्द न वापरता 'सावकाश' आणि 'हलका' हे शब्द वापरावेत. मुंग्या येऊ लागल्या तर श्वास मोठा झाला आहे असे समजावे आणि शब्द थांबवून श्वास आपोआप चालू द्यावा. काही थोड्या लोकांना मात्र श्वास योग्य असूनही शांत बसले की बेचैनी वाढते, विशेषतः डोळे मिटल्यावर. अशांनी डोळे उघडे ठेवून, चालता चालता शब्द म्हणून पाहावेत, आणि तरीही त्रास होत असेल तर हा मार्ग आपल्यासाठी नाही असे मानून तो सोडून द्यावा. त्यात कोणाचीही साधना कमी पडलेली नसते.

याहून सूक्ष्म आणि अधिक काळ टिकणारी अडचण वेगळी आहे. समजा, ठाण्याहून रोज लोकलने मुंबईला जाणाऱ्या एका कर्मचाऱ्याला गर्दीत एकदा पॅनिक अटॅक आला. छाती धडधडली, घाम फुटला, आता आपण कोसळणार असे वाटले. अशा अटॅकची तीव्रता साधारणपणे दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचते आणि पुढे आपोआप उतरते, माणसाने काही केले किंवा न केले तरी. या माणसाने त्या दहा मिनिटांत जीव मुठीत धरून जप केला. भीती उतरली, आणि ती जपामुळेच उतरली असा समज मनात पक्का झाला. दुसऱ्या दिवसापासून तो गाडीत पाय ठेवण्याआधी जप सुरू करतो, मग जप पूर्ण झाल्याशिवाय गाडीत चढत नाही, मग इअरफोन घरी राहिले म्हणून रजा टाकतो. गाडीतली धडधड धोकादायक नसते आणि तिला काही न करताही उतार पडतो, हे शिकण्याची संधी जपाने त्याच्याकडून काढून घेतलेली असते. चिंताविकारावर बोलण्याच्या माध्यमातून उपचार करणारे मानसतज्ज्ञ अशा सवयींना सुरक्षेसाठी केलेली वर्तने म्हणतात आणि त्या हळूहळू सोडवणे हा उपचाराचाच भाग मानतात.

त्यामुळे जप ही ठरलेल्या वेळेची सवय आहे, भीती आली की ओढण्याची साखळी नव्हे, असे संहितेत स्पष्ट सांगावे. सकाळी चहाच्या आधी किंवा रात्री दिवा मालवण्याआधी, चिंता असो वा नसो, तो करावा. वर सांगितलेल्या प्रवाशाने सकाळी घरी दहा मिनिटे जप करून गाडीत मात्र जप न करता बसणे, आणि धडधड झाली तर ती तशीच येऊन जाऊ देणे, हे त्याच्या हिताचे आहे. शक्यतो हे तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली करावे.

मंत्रचळ असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत तर जपाची शिफारस करण्याआधी अधिक सावध राहायला हवे. या विकारात मनात नकोसे विचार घुसतात आणि ते निष्प्रभ करण्यासाठी माणूस ठरावीक संख्येने काही तरी करतो: हात धुणे, कुलूप तपासणे किंवा मनातल्या मनात मंत्र म्हणणे. उच्चार चुकला म्हणून माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत असेल, आकडा चुकला तर घरच्यांवर संकट येईल असे वाटत असेल, किंवा रोजचा जप अर्ध्या तासावरून दोन तासांवर गेला असेल आणि संपल्यावरही समाधान मिळत नसेल, तर तो जप विकाराचाच भाग झाल्याची शक्यता आहे. घरातील मंडळी अशा वेळी भक्ती वाढली म्हणून कौतुक करतात, आणि उपचार वर्षानुवर्षे लांबतो. मंत्रचळावर परिणामकारक औषधे आहेत आणि त्यासाठीची वर्तनोपचाराची ठरलेली पद्धतही आहे. संहितेत संख्येचा आग्रह न धरण्याचे हेही एक कारण आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे, याबाबत 'त्रास जास्त असेल तर' एवढे मोघम लिहून भागत नाही. काळजी बहुतेक दिवस मनात घोळत असेल, झोप उडाली असेल, मान-खांदे सतत आखडलेले असतील, कामावर किंवा घराबाहेर जाणे टळू लागले असेल आणि हे काही आठवडे चालले असेल, तर फॅमिली डॉक्टरांना दाखवावे. चिंतेसारखी दिसणारी धडधड आणि थरथर थायरॉइडच्या वाढलेल्या स्रावामुळे, रक्तक्षयामुळे किंवा रक्तातील साखर उतरल्यामुळेही होते, आणि ते तपासणीशिवाय कळत नाही. छातीत दाबल्यासारखी कळ येऊन ती हात, जबडा किंवा पाठीकडे जात असेल, दम लागून घाम सुटत असेल, तर ती चिंता आहे असे गृहीत धरून जपाला बसू नये. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. जीव द्यावासा वाटत असेल किंवा मनाचा त्रास असह्य झाला असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक पडद्यावर दिसावा आणि तोंडीही सांगितला जावा, कारण डोळे मिटून ऐकणाऱ्याला पडदा दिसत नाही.

औषधांविषयीचे वाक्य संहितेत स्वतंत्र असावे, त्यामागचे कारण एका उदाहरणाने समजेल. एखाद्या व्यक्तीला चिंताविकारासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या गटातील गोळी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात तिने जपही सुरू केला, असे समजू. या गोळ्यांचा गुण जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत मळमळ किंवा थोडी बेचैनीच आधी जाणवते. जपाचा निवांतपणा मात्र पहिल्या दिवसापासून कळतो. महिन्याभराने खरोखर बरे वाटू लागते, तेव्हा सगळे श्रेय जपाला जाते, गोळी बंद होते आणि काही दिवसांत चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होऊन पुढे मूळ त्रासही परतू शकतो. झोपेसाठी किंवा तातडीच्या शांततेसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबवल्या, तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून निवेदकाने म्हणावे: 'जप सुरू केल्यावर बरे वाटले तरी गोळी स्वतःहून कमी करू नका. कमी करायची असेल, तर ती डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतील.'

चित्रफितीचे शीर्षक शेवटी लिहावे आणि ते संहितेपेक्षा मोठे नसावे. 'चिंता कायमची घालवणारा मंत्र' यासारखे शीर्षक खोटे तर आहेच, शिवाय औषधे व जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या 1954 च्या केंद्रीय कायद्यात 'जादूचा उपाय' या व्याख्येत ताईत आणि कवचाबरोबर मंत्राचाही उल्लेख आहे, हे अनेक निर्मात्यांना ठाऊक नसते. त्या कायद्याच्या यादीत मधुमेह, हृदयरोग, रक्तदाब, अपस्मार असे आजार आहेत, आणि 'या जपाने बीपी नॉर्मल' हे चित्रफितीच्या थंबनेलवरचे चार शब्द त्या यादीच्या कक्षेत येऊ शकतात. 'सावकाश श्वासाबरोबर दहा मिनिटांचा जप' हे शीर्षक कमी लोकांना खेचेल, पण आत जे आहे तेवढेच ते सांगते.